पाकीट मोठं केलं की प्रति सर्व्हिंगचे आकडे का बिघडतात?

जवसाची चटणी १०० ग्रॅमच्या पाकिटात जात होती, तोवर लेबलाचं काही बिघडलं नव्हतं. मागणी वाढली, बचत गटाने २०० ग्रॅमची बरणी काढली. तालुक्याच्या डीटीपीवाल्याने जुन्याच फाइलमध्ये निव्वळ वजन आणि सर्व्हिंगची संख्या बदलली, एक्सेलमधून नवा तक्ता आणून चिकटवला आणि छापायला दिलं. बरण्या परत आल्या त्या खरेदीदाराकडून. जुन्या पाकिटावर एका सर्व्हिंगमध्ये सोडियम २१८ मिलिग्रॅम लिहिलेलं, नव्या बरणीवर १०९. गटातल्या ताईंनी फोनवर एकच प्रश्न विचारला, "भाऊ, पाकीट मोठं केलं त मीठ कमी कसं झालं जी?"

प्रश्न अगदी नेमका आहे. यवतमाळ, वर्धा, अमरावतीकडच्या गटांचे तक्ते पाहताना हीच भानगड मला पुन्हा पुन्हा दिसते. कधी चटणी असते, कधी तिळाचे लाडू, कधी मिरची-मसाला. पाकीट लहान केलं की आकडे दुप्पट होतात, मोठं केलं की निम्मे. दुरुस्त करून दिलं तरी पुढचं पाकीट निघालं की दुखणं परत येतं, कारण दुरुस्ती आकड्यांची होते, सूत्राची होत नाही.

दुखणं सूत्रात कुठे असतं

प्रयोगशाळेचा अहवाल १०० ग्रॅम मालाचा असतो. या चटणीचा अहवाल असा होता: प्रथिने १७.२ ग्रॅम, कर्बोदके ३६ ग्रॅम, एकूण स्निग्ध पदार्थ ३२.४ ग्रॅम, ऊर्जा ५०४.४ किलोकॅलरी, सोडियम २१८० मिलिग्रॅम. गटाने सर्व्हिंग ठरवली होती १० ग्रॅमची. पहिल्या १०० ग्रॅमच्या पाकिटात अशा १० सर्व्हिंग बसत. तेव्हा ज्याने कोणी तक्ता केला त्याने अहवालातला प्रत्येक आकडा १० ने भागला. उत्तर बरोबर आलं, कारण पाकीटच १०० ग्रॅमचं होतं.

इथेच फसगत झाली. त्याने भागलं ते पाकिटातल्या सर्व्हिंगच्या संख्येने. भागायचं होतं ते १०० ग्रॅममध्ये किती सर्व्हिंग बसतात त्या संख्येने. पाकीट १०० ग्रॅमचं असेल तर दोन्ही संख्या सारख्या निघतात आणि चूक दिसतच नाही. बरणी २०० ग्रॅमची झाली, सर्व्हिंग २० झाल्या, सूत्राने २१८० ला २० ने भागलं आणि १०९ काढून दिलं. उद्या ५० ग्रॅमचं पाकीट काढलं तर हेच सूत्र ५ ने भागेल आणि ४३६ दाखवेल.

प्रति सर्व्हिंगच्या आकड्याचा पाकिटाच्या वजनाशी काही संबंधच नाही. त्याला लागतात दोनच गोष्टी, १०० ग्रॅमचा आकडा आणि एका सर्व्हिंगचं वजन. पाकीट बदललं की लेबलावर दोनच ठिकाणी हात लावायचा, निव्वळ वजन आणि सर्व्हिंगची संख्या. पोषणाच्या तक्त्यातला एकही आकडा हलायला नको. हलला, तर समजा सूत्र चुकीच्या रकान्याकडे पाहतंय.

तक्ता असा मांडा

नाव `A` मध्ये, अहवालातला १०० ग्रॅमचा आकडा `B` मध्ये, सर्व्हिंगचा `C` मध्ये, आरडीए म्हणजे दिवसाला शिफारस केलेलं प्रमाण `D` मध्ये, टक्केवारी `E` मध्ये. बाजूला `H1` मध्ये सर्व्हिंगचं वजन ग्रॅममध्ये, `H2` मध्ये पाकिटाचं वजन. मग पाचव्या ओळीपासून:

```
C5:  =B5*$H$1/100
E5:  =IF(D5="","–",C5/D5)
H3:  =H2/H1
```

`H3` ही सर्व्हिंगची संख्या. ती लेबलावर छापण्यापुरती आहे, `C` रकान्यातल्या कोणत्याही सूत्रात ती येऊ द्यायची नाही. `E` रकान्याला टक्क्यांचं फॉरमॅट द्या.

डॉलरची दोन चिन्हं विसरू नका. `=B5*H1/100` लिहून खाली ओढलं तर पुढच्या ओळीत तेच `H2` होतं, त्यापुढे `H3`, मग रिकामे चौकोन. पहिली ओळ बरोबर, दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत काहीच्या काही आणि खाली सगळी शून्यं, असं चित्र दिसलं तर दुसरं काही शोधत बसू नका, डॉलर राहिलाय. चटणीत सोडियम शून्य छापलेलं लेबल मी पाहिलं आहे. कोणीतरी ते पाहून छपाईला दिलंच होतं ना!

`#VALUE!` आलं तर चौकोनात आकड्याऐवजी मजकूर आहे. अहवालातून जसंच्या तसं `2180 mg` उचललं, किंवा ट्रान्स फॅटसमोर `BDL` किंवा `<0.1` लिहिलं, की शीट त्याला संख्या मानत नाही. ओळखायची सोपी खूण आहे: आपण मुद्दाम काही केलं नसेल तर संख्या चौकोनात उजवीकडे चिकटते आणि मजकूर डावीकडे. एकक शीर्षकात किंवा नावापुढे लिहा, चौकोनात नुसता आकडा ठेवा. `BDL` म्हणजे यंत्राला सापडेल त्याहून कमी. हिशेबाच्या चौकोनात ० टाका आणि अहवालातला मूळ शब्द शेजारच्या रकान्यात जपून ठेवा, पुढे कोणी विचारलं तर दाखवता येतो.

टक्केवारी कशाची

एफएसएसएआय या केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबलिंग नियमांत आकडे १०० ग्रॅमचे, १०० मिलिलिटरचे किंवा एकाच वेळी संपणाऱ्या पाकिटाचे मागितलेत आणि आरडीएची टक्केवारी मागितली आहे ती सर्व्हिंगची. म्हणजे एकाच तक्त्यात एक रकाना १०० ग्रॅमचा आणि शेजारचा सर्व्हिंगचा. घोटाळ्याला जागा इथेच मिळते. टक्केवारी काढायला दिलेले आधार असे: ऊर्जा २००० किलोकॅलरी, एकूण स्निग्ध पदार्थ ६७ ग्रॅम, संपृक्त २२ ग्रॅम, ट्रान्स फॅट २ ग्रॅम, वरून घातलेली साखर ५० ग्रॅम, सोडियम २००० मिलिग्रॅम.

`E` चं सूत्र `C` ऐवजी `B` वर गेलं की चटणीच्या सोडियमसमोर १०९ टक्के येतं. असं लेबल वाचणाऱ्याला वाटेल की चमचाभर चटणीत दिवसाचं सगळं मीठ संपलं. खरा आकडा ११ टक्के आहे. चटणी, लोणचं, पापड यांत सोडियमची टक्केवारी शंभराच्या पुढे दिसली तर आधी हेच सूत्र तपासा.

सर्व्हिंगचा रकाना नियमाने मागितलेला नसला तरी मी तो ठेवायला सांगतो, कारण तो असला तर टक्केवारी कुठून आली हे वाचणाऱ्याला स्वतः पडताळता येतं. या चटणीचा दुरुस्त तक्ता:

| घटक | १०० ग्रॅममध्ये | १० ग्रॅमच्या सर्व्हिंगमध्ये | सर्व्हिंगमागे आरडीएचे % |
|---|---|---|---|
| ऊर्जा (किलोकॅलरी) | ५०४ | ५० | ३ |
| प्रथिने (ग्रॅम) | १७.२ | १.७ | – |
| कर्बोदके (ग्रॅम) | ३६.० | ३.६ | – |
| एकूण साखर (ग्रॅम) | १.८ | ०.२ | – |
| वरून घातलेली साखर (ग्रॅम) | ० | ० | ० |
| एकूण स्निग्ध पदार्थ (ग्रॅम) | ३२.४ | ३.२ | ५ |
| संपृक्त (ग्रॅम) | ३.१ | ०.३ | १ |
| ट्रान्स फॅट (ग्रॅम) | ० | ० | ० |
| कोलेस्टेरॉल (मिलिग्रॅम) | ० | ० | – |
| सोडियम (मिलिग्रॅम) | २१८० | २१८ | ११ |

आकडे पूर्ण करायचे ते अगदी शेवटी, दाखवण्यापुरते. शीटमध्ये दशांश कमी करायचं बटण दाबलं तर आतला आकडा तसाच राहतो, हे आपल्या सोयीचं आहे. पण कोणी छापलेला सर्व्हिंगचा आकडा हाताने उचलून त्यावरून टक्केवारी काढली तर फरक पडतो. एकूण स्निग्ध पदार्थ ३.२४ ग्रॅम आहेत, ६७ ने भागलं की ४.८, म्हणजे ५ टक्के. तेच आधी ३ ग्रॅम करून भागलं तर ४.५ च्या जरा खाली आणि छापताना ४ टक्के.

छापण्याआधीची तपासणी: कोणती चालते, कोणती चालत नाही

बरेच जण ४-४-९ ची तपासणी करतात. प्रथिने आणि कर्बोदके यांना ४ ने गुणायचं, स्निग्ध पदार्थांना ९ ने, आणि बेरीज ऊर्जेशी जुळवायची. दुरुस्त रकान्यात ६.८८ अधिक १४.४ अधिक २९.१६ म्हणजे ५०.४४, बरोबर जुळतं. पण बिघडलेल्या बरणीच्या रकान्यातही ती जुळते! तिथे प्रथिने ०.८६, कर्बोदके १.८, स्निग्ध पदार्थ १.६२ आणि ऊर्जा २५.२२. सगळंच निम्मं झालं तर हिशेब आपसात जुळणारच. ही तपासणी अहवालातली किंवा टाइप करतानाची चूक पकडते, सर्व्हिंगची चूक तिला दिसत नाही.

सर्व्हिंगची चूक पकडायला उलटा गुणाकार करा. लेबलावरचा सर्व्हिंगचा आकडा गुणिले सर्व्हिंगची संख्या, म्हणजे अख्ख्या बरणीतला ऐवज. २०० ग्रॅमच्या बरणीत सोडियम २१८० च्या दुप्पट, ४३६० मिलिग्रॅम असायला हवं. २१८ गुणिले २० बरोबर ४३६० येतं. चुकलेल्या लेबलावर १०९ गुणिले २० केलं की २१८० येतं, म्हणजे १०० ग्रॅमचाच आकडा परत हाती येतो. पाकीट १०० ग्रॅमचं नसताना उलट्या गुणाकारात १०० ग्रॅमचा आकडा आला, की चोर सापडला.

हा गुणाकार शीटमध्ये करून उपयोग नाही. शीट आपलीच सूत्रं वापरून आपल्यालाच हो म्हणेल. डीटीपीवाल्याकडून आलेली छपाईची प्रत समोर घ्या आणि त्यावरचे छापील आकडे मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर टाका. कोरलड्रॉमध्ये मजकुराचे कर्व्ह, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार, झाल्यावर जुन्या फाइलमधला एखादा आकडा तसाच राहून जातो आणि शीट कितीही बरोबर असली तरी तिला ते कळत नाही.

मिठाची एक तपासणी अशी आहे की तिला प्रयोगशाळाही लागत नाही, गटाची वही पुरते. ताईंना विचारलं, तयार दहा किलो चटणीत मीठ किती? "साडेपाचशे गराम." म्हणजे १०० ग्रॅम चटणीत साडेपाच ग्रॅम. मिठात सोडियम साधारण ३९ टक्के, तेव्हा मिठाचंच सोडियम सुमारे २१५० मिलिग्रॅम झालं. बाकी थोडं जवस, लसूण, मिरचीचं. अहवालातले २१८० पटतात. दहा ग्रॅममध्ये मीठ अर्ध्या ग्रॅमच्या जरा वर, सोडियम २१५ च्या आसपास. १०९ खरं असेल तर दहा किलोला पावणेतीनशे ग्रॅमच मीठ पडलं असं होतं, आणि ते खोटं आहे हे चटणी करणारी बाई लेबल न वाचताच सांगेल. वजन मात्र तयार चटणीचंच धरा. भाजताना जवसाचं आणि मिरचीचं पाणी उडतं, त्यामुळे कच्च्या मालाच्या वजनावर हिशेब केला तर मीठ कमी दिसेल.

सर्व्हिंगचं वजन खरंच तेवढं आहे का

सूत्र बरोबर असूनही आकडा चुकू शकतो, जर `H1` मधले १० ग्रॅम कोणी मनानेच लिहिले असतील. लेबलावर "१ चमचा (१० ग्रॅम)" छापलेलं असतं आणि चमचा कोणता हे कोणालाच माहीत नसतं. चहाच्या चमच्यात कोरडी चटणी सपाट भरली तर १० ग्रॅम काही मावत नाही.

मोजायची पद्धत साधी आहे. किराणा दुकानाच्या काट्यावर एक चमचा ठेवून काही कळत नाही, तो पाच-दहा ग्रॅमचा फरक दाखवतच नाही. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा घ्या, वाटी ठेवून शून्य करा, लोक घेतात तसे दहा चमचे वाटीत टाका आणि येईल त्या वजनाला दहाने भागा. एकेक चमचा मोजला तर काट्याचीच चूक मोठी ठरते, दहाच्या मापात ती विरते. चटणी बरणीत दोन दिवस बसलेली असू द्या. ताजी, फुललेली चटणी चमच्यात कमी बसते.

समजा दहा चमच्यांचे ४८ ग्रॅम आले. मग एक चमचा ४.८. आता दोन रस्ते आहेत: सर्व्हिंग "१ चमचा (५ ग्रॅम)" करा, नाहीतर "२ चमचे (१० ग्रॅम)" लिहा. मी दुसरा निवडतो, कारण भाकरीसोबत चटणी घेणारा माणूस एका चमच्यावर थांबत नाही, आणि आकडे लहान दिसावेत म्हणून सर्व्हिंग लहान करणं हा ग्राहकाच्या डोळ्यांत धूळ फेकण्याचाच प्रकार झाला. यात `H1` बदलत नाही, म्हणून तक्ताही बदलत नाही. बदलतो तो फक्त चमच्यांचा शब्द.

मिलिलिटर आलं की काट्याशिवाय सुटका नाही

वरूड-मोर्शीकडच्या संत्रा सरबताच्या बाटल्यांत हेच दुखणं दुसऱ्या वेषात येतं. अहवाल १०० ग्रॅमचा आणि सर्व्हिंग ३० मिलिलिटर. लोक `H1` मध्ये ३० टाकून मोकळे होतात. पण घट्ट सरबत पाण्याहून बरंच जड असतं, ६५ ब्रिक्सच्या, म्हणजे वजनाने ६५ टक्के साखरेच्या, पाकाचं १०० मिलिलिटर सुमारे १३२ ग्रॅम भरतं. म्हणजे ३० मिलिलिटर सरबत जवळपास ४० ग्रॅम झालं. अहवालात वरून घातलेली साखर १०० ग्रॅममागे ६० ग्रॅम असेल, तर चुकीच्या हिशेबाने सर्व्हिंगमध्ये १८ ग्रॅम, आरडीएच्या ३६ टक्के. खरं पाहता ३९.६ ग्रॅम सरबतात २३.८ ग्रॅम, म्हणजे ४८ टक्के.

आपल्या सरबताचा आकडा दुसऱ्याच्या पाकावरून घेऊ नका, मोजा. मापाचं नळकांडं काट्यावर ठेवून शून्य करा, आधी १०० मिलिलिटर साधं पाणी भरा. १०० ग्रॅमच्या जवळ आलं तर माप आणि काटा दोन्ही ठीक आहेत. ओतून, पुसून कोरडं करा आणि तेवढंच सरबत भरा. जे वजन येईल त्याला १०० ने भागा आणि तो आकडा `H4` मध्ये ठेवा. `H5` मध्ये सर्व्हिंगचे मिलिलिटर आणि `H1` मध्ये:

```
H1:  =H5*H4
```

बाकीचा तक्ता तसाच चालतो. बाटलीवर निव्वळ मात्रा मिलिलिटरमध्ये असेल तर `H2` मध्येही आधी `H4` ने गुणलेलं वजन टाका, नाहीतर `H3` मधली सर्व्हिंगची संख्या चुकते. ७५० मिलिलिटरच्या बाटलीत ३० मिलिलिटरच्या २५ सर्व्हिंग बसतात. `H3` मध्ये १९ च्या आसपास आकडा दिसला तर वर मिलिलिटर आणि खाली ग्रॅम अशी भागणी झाली आहे. द्रव मालाचा पहिला रकाना १०० मिलिलिटरचा छापायचा असेल तर अहवालाचे आकडे १.३२ ने, म्हणजे तुमच्या `H4` ने गुणून छापा. ६० ग्रॅम साखरेचे ७९.२ होतील. हा रकाना निव्वळ छापण्याचा आहे, तो `B` च्या जागी बसवू नका. बसवलात तर `C` चं सूत्र त्याच आकड्याला पुन्हा वजनाने गुणेल आणि साखर एकदा जास्तीची वाढेल.